जर्मनीचं ऑफर लेटर: प्रोबेशन, नोटीस आणि बोनसच्या कलमांचा अर्थ नेमका काय?

शिवधनु

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, डिझाइनमध्ये काम करतो. श्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून कराराचा मसुदा आला आहे. मजकूर जर्मन, शेजारी इंग्रजी भाषांतर. रुजू होण्याची तारीख १ ऑक्टोबर २०२५. कामाचं सगळं पटलंय, पण तीन कलमांशी अडलोय. माझ्या शब्दांत लिहितो.

प्रोबेशन: पहिले सहा महिने. या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस देऊन नोकरी संपवता येईल.

नोटीस: त्यानंतर दोन्ही बाजूंना तीन महिन्यांची, आणि ती तिमाहीच्या अखेरीस संपणारी.

बोनस: मूळ पगार वर्षाला ५२,००० युरो. त्यावर 'दहा टक्क्यांपर्यंत' बोनस, कंपनी दरवर्षी ठरवेल त्या उद्दिष्टांवर. तो पुढच्या वर्षी एप्रिलच्या पगारासोबत. पैसे देण्याच्या दिवशी नोकरी चालू हवी आणि कोणीही नोटीस दिलेली नसावी, अशी अट. शिवाय ३,००० युरो जॉइनिंग बोनस, दोन वर्षांच्या आत 'कोणत्याही कारणाने' नोकरी संपली तर सगळा परत.

एचआरच्या मेलमध्ये मात्र 'तुमचं पॅकेज ६०,२००' असं लिहिलंय. इथल्या कंपनीत माझी नोटीस ९० दिवसांची आहे, म्हणून घाई आहे. सही करण्याआधी काय विचारू?

मंदार_क

अभिनंदन! प्रोबेशनचं फार मनावर घेऊ नका, तिकडे सगळ्यांनाच सहा महिने असतं. ते पार पडलं की जर्मनीत कोणी काढू शकत नाही. बोनसही लिहून दिलाय म्हणजे मिळणारच. बिनधास्त सही करा.

गौरीहर

मी दुबईत आहे. इथेही प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने, आणि मालकाला काढायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण प्रोबेशनमध्येच इथल्या इथे दुसरी नोकरी धरली तर महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि भरतीचा खर्च नवीन कंपनीने जुनीला भरून द्यायचा. तुमच्या पत्रात ग्रॅच्युइटी दिसत नाही. ती मूळ पगारावर मोजतात, तेव्हा पगाराची फोड मागून घ्या.

शिवधनु

गौरीहर, धन्यवाद. पण माझी ऑफर जर्मनीची आहे. तिथे ग्रॅच्युइटी नसते ना?

राईनकाठ

नसते. गौरीहर सांगतात ते दुबईसाठी बरोबर आहे, इथे लागू नाही.

मी जर्मनीत नोकरी करतो आणि आमच्या कंपनीच्या कामगार मंडळावर आहे. कोणालाही काढण्याआधी कंपनीला या मंडळाचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, प्रोबेशनमधल्या माणसाबाबतही. त्यामुळे असे करार आणि अशी पत्रं नेहमी नजरेखालून जातात.

आधी मंदार यांच्या मुद्द्याबद्दल. प्रोबेशन संपल्यावर काढता येत नाही, हे अर्धंच खरं आहे. सहा महिने पूर्ण झाले की कंपनीला कायद्याला मान्य असणारं कारण द्यावं लागतं, पण कंपनीत साधारण दहापेक्षा जास्त माणसं असतील तरच. आणि काम कमी झालं हेही मान्य होणारं कारण आहे. सहा महिन्यांच्या आत मात्र कारणच लागत नाही.

शिवधनु, आता तुमच्या तारखा घ्या. १ ऑक्टोबरला सुरुवात म्हणजे प्रोबेशन ३१ मार्चला संपतं. नोटीस शेवटच्या दिवशी हातात पडली तरी चालते. म्हणजे ३१ मार्चला पत्र दिलं तर नोकरी १४ एप्रिलला संपते. आणि तुमचा २०२५ चा बोनस मिळणार एप्रिलच्या पगारासोबत, महिन्याच्या शेवटी! त्या दिवशी तुम्ही कामावर नाही, कलमाप्रमाणे बोनसही नाही. तुमचं प्रोबेशनचं कलम आणि बोनसचं कलम एकत्र वाचलं तरच हे दिसतं, सुटं वाचून कळत नाही.

रक्कमही पाहून घ्या. ५२,००० चे दहा टक्के ५,२००. २०२५ मध्ये तुम्ही तीनच महिने कामावर, म्हणून फार तर १,३०० युरो. आणि 'पर्यंत' हा शब्द आहे, तेव्हा शून्यही त्यात बसतं. एचआरने ६०,२०० कसे केले? ५२,००० अधिक ५,२०० अधिक जॉइनिंगचे ३,०००. यातले नक्की हातात पडणारे म्हणता येतील ते ५२,०००च, तेही कर आणि सामाजिक विमा कापण्याआधीचे.

चिंगी

बाप रे, मी तर सगळी बेरीज करूनच खूश झाले असते.

सुमेधा व

राईनकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. व्हिसासाठीसुद्धा फक्त पक्का पगारच मोजतात, 'मिळाला तर मिळाला' असा बोनस धरत नाहीत. ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यासाठी २०२५ ची किमान पगाराची मर्यादा ४८,३०० युरो होती, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या व्यवसायांना त्याहून कमी. शिवधनु ५२,००० वर आहेत म्हणजे प्रश्न नाही. पण ४५,००० अधिक बोनस अशी ऑफर हातात घेऊन लोक 'आमचं पॅकेज पन्नासच्या वर आहे' म्हणतात आणि वकिलातीत अडकतात.

माझा आणखी एक प्रश्न. मसुद्यात 'पहिले सहा महिने प्रोबेशन' लिहिलंय, की 'करार प्रोबेशनसाठी सहा महिन्यांपुरता आहे' असं लिहिलंय? वाचताना सारखंच वाटतं, पण दुसऱ्यात नोकरी सहा महिन्यांनी आपोआप संपते. नोटिशीचीसुद्धा गरज नाही. पुढे ठेवायचं असेल तर कंपनीने नवा करार करायचा.

शिवधनु

आत्ता परत पाहिलं. 'नोकरी बेमुदत आहे, पहिले सहा महिने प्रोबेशन मानले जातील' असं आहे.

सुमेधा व

मग ठीक. तेच हवं.

जुनाजाणता

एवढा कीस कशाला पाडताय? बाहेरच्या देशात पहिली नोकरी आहे, कंपनी व्हिसाचे कागद देतेय, करार छापील आहे. दहा प्रश्न विचारले तर दुसरा उमेदवार घेतील. जायचं, काम दाखवायचं. चांगल्या माणसाला कोणी काढत नाही.

राईनकाठ

जुनाजाणता, इथे नम्रपणे असहमत आहे. जर्मन एचआरला कलमाबद्दल प्रश्न विचारणं अजिबात खटकत नाही, मी तर म्हणेन त्यांना ते अपेक्षित असतं. आणि प्रोबेशनमध्ये ज्यांची नोकरी जाते ते सगळे काही कामात कच्चे नसतात. एखादा मोठा ग्राहक गेला, ऑर्डर घटल्या, की कंपनी आधी त्यांच्याकडे वळते ज्यांना काढायला कारण लागत नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात सध्या हे बरंच दिसतंय.

भारतातून येणाऱ्यावर याचा बोजा जास्त पडतो. इथला बेकारी भत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत बारा महिन्यांचा विमा भरलेला असावा लागतो, आणि भारतात केलेली नोकरी त्यात धरत नाहीत. म्हणजे सहाव्या महिन्यात नोकरी गेली तर भत्ता नाही. परवाना त्याच दिवशी आपोआप रद्द होत नाही, नवी नोकरी शोधायला अवधी देतात, पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांच्या आत कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून पहिले सहा महिने घरासाठी मोठं कर्ज, लांबच्या मुदतीच्या हप्त्यांवर गाडी, असं काही अंगावर घेऊ नये. जॉइनिंग बोनस तर खर्चच करू नये.

पाणकोंबडी

माझ्या वहिनीचं तिकडे प्रोबेशन चालू होतं आणि तिला दिवस गेले. ती घाबरून कोणाला सांगतच नव्हती. मग कोणीतरी सांगितलं की गरोदर बाईला प्रोबेशनमध्येही काढता येत नाही. खरं आहे का हे? तिला तर काढलं नाही.

राईनकाठ

खरं आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर चार महिने हे संरक्षण असतं आणि ते पहिल्या दिवसापासून लागू होतं. कंपनीला गरोदरपणाची कल्पना नसताना नोटीस दिली गेली असेल तर दोन आठवड्यांत कळवायचं. ही माहिती लपवून काही फायदा होत नाही, कळवलेलंच बरं.

मंदार_क

बरं, प्रोबेशनबद्दल मान्य. पण तीन महिन्यांची नोटीस चांगलीच की! कंपनीलाही तीन महिने आधी सांगावं लागेल. परदेशात अचानक रस्त्यावर यायची वेळ येणार नाही.

राईनकाठ

हा मुद्दा रास्त आहे आणि इथे माझं मत तुमच्याशी अर्धं जुळतं. तीन महिने ठीक. मला खटकतं ते 'तिमाहीच्या अखेरीस'.

शिवधनु यांना पुढच्या वर्षी दुसरीकडून चांगली ऑफर आली असं समजा. त्यांनी ३० सप्टेंबरला राजीनामा दिला तर ३१ डिसेंबरला सुटका. तोच राजीनामा २ ऑक्टोबरला दिला, तर ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण तीन महिने उरत नाहीत, म्हणून थेट ३१ मार्च. दोन दिवसांच्या फरकाने तीन महिने लांबतं. नवी कंपनी जवळपास सहा महिने थांबेल का? काही थांबतात, सगळ्या नाही. 'महिन्याच्या अखेरीस' एवढा बदल मागा. तो बहुतेक कंपन्या फारसं न ताणता देतात.

आणि राजीनामा ईमेलने चालत नाही. करार कसाही झालेला असो, नोकरी संपवण्याचं पत्र कागदावर, हाताने केलेल्या सहीचंच लागतं. दोन्ही बाजूंना. पीडीएफ, व्हॉट्सॲप, स्कॅन काहीही ग्राह्य नाही. तारीखही पत्र लिहिल्याची धरत नाहीत, समोरच्याच्या हाती पडल्याची धरतात. सुट्टीला भारतात येऊन तिथून राजीनामा पाठवणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं, टपाल पोचेपर्यंत तिमाही उलटून गेलेली असते.

गौरीहर

हे उलटंही लागू ना? कंपनीने मेलवर काढलं तर?

राईनकाठ

तर ती नोटीस वैध नाही. पण घरी स्वस्थ बसायचं नाही. हरकत घ्यायची असेल तर श्रम न्यायालयात दाव्याला सामान्यतः तीन आठवडे मिळतात, कागदी पत्र हातात पडल्यापासून. ती मुदत गेली की चुकीची नोटीससुद्धा बरोबर ठरते. म्हणून मेल आला तरी लगेच वकील किंवा कामगार संघटना गाठायची.

सुमेधा व

आणि अशा वेळी कंपनी 'आपण सामंजस्याने संपवू' म्हणून एक कागद पुढे करते. त्यावर तिथल्या तिथे सही करू नका. स्वतः सही करून नोकरी सोडली असं धरून बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखू शकतात. कागद घरी न्या, दोन दिवस घ्या.

शिवधनु

बरंच उलगडलं. आता बोनसच्या अटीबद्दल. 'पैसे देण्याच्या दिवशी नोटीस दिलेली नसावी' हे कायद्यात बसतं का? मी वर्षभर काम केलं, उद्दिष्टं गाठली, आणि मार्चमध्ये राजीनामा दिला, तर आदल्या वर्षीचा बोनस बुडाला?

राईनकाठ

इथे कायदा तुमच्या बाजूने बराच झुकलेला आहे. केलेल्या कामाचा मोबदला म्हणून बोनस असेल, तर तो नंतर नोकरीत असण्या-नसण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, असं एरफुर्टच्या संघीय श्रम न्यायालयाने सांगितलंय. १३ नोव्हेंबर २०१३ च्या निकालात तर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नोकरीत असण्याची अटही छापील करारात टिकली नाही. तुमचा बोनस वैयक्तिक उद्दिष्टांवर आहे, म्हणजे मोबदलाच. एप्रिलची अट त्यावर टिकणं अवघड.

पण टिकणार नाही अशी कलमंसुद्धा लोक करारात ठेवतात, कारण परदेशातून आलेला माणूस १,३०० युरोंसाठी कोर्टात जात नाही. म्हणून आत्ताच मागा: 'वर्षाच्या मध्ये आला किंवा गेला तर महिन्यांच्या प्रमाणात बोनस मिळेल' एवढं एक वाक्य.

दुसरं, उद्दिष्टं कधी ठरणार याची तारीख लिहून घ्या. कंपनीने उद्दिष्टं वेळेवर दिली नाहीत तर कर्मचाऱ्याला भरपाई मागता येते, असा त्याच न्यायालयाचा फेब्रुवारी २०२५ चा निकाल आहे. ऑक्टोबरात रुजू होणाऱ्या माणसाला त्या वर्षाची उद्दिष्टं देणं कंपन्या बहुधा विसरतात. पहिल्या महिन्यातच मेलवर मागणी केलेली असू द्या.

सुमेधा व

एक शंका. तुमची कंपनी धातू आणि विद्युत उद्योगाच्या सामूहिक करारात, म्हणजे कामगार संघटना आणि मालकांच्या संघटनेने मिळून केलेल्या करारात आहे का? श्टुटगार्ट भागातल्या बऱ्याच आहेत. असेल तर सुट्टीचे आणि वर्षाअखेरचे पैसे त्या करारातून येतात, त्यांच्या अटी वेगळ्या, आणि सामूहिक करारातल्या तारखांच्या अटींना न्यायालय जास्त मोकळीक देतं. राईनकाठ म्हणतात ते कंपनीने स्वतः लिहिलेल्या कलमांना लागू.

राईनकाठ

बरोबर. हे आधी विचारायला हवं.

जुनाजाणता

जॉइनिंग बोनसचं काय? पैसे दिले तर थोडं बांधून ठेवणारच ना कंपनी. त्यात गैर काय?

राईनकाठ

बांधून ठेवण्यात गैर नाही, 'कोणत्याही कारणाने' यात आहे. कंपनीनेच काम कमी झालं म्हणून पाचव्या महिन्यात काढलं तरी ३,००० परत करायचे का? असं सरसकट कलम न्यायालयात टिकण्याची शक्यता कमी, पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा बदलून घेणं सोपं. दोन बदल मागा. एक, परतफेड फक्त तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर, किंवा तुमच्या गैरवर्तनामुळे काढलं तर. दोन, दर महिन्याला चोविसावा हिस्सा माफ, म्हणजे महिन्याला १२५ युरो. दहा महिन्यांनी सोडली तर उरलेल्या चौदा महिन्यांचे १,७५० परत, पूर्ण ३,००० नाहीत.

परतफेड कर कापण्याआधीच्या रकमेची की हातात आलेल्या रकमेची, हेही विचारा. हातात येणार त्याहून बरेच कमी, आणि कलमात मात्र ३,००० लिहिलंय.

पाणकोंबडी

आणि त्या ९० दिवसांचं काय? त्यांनी तेही विचारलंय. व्हिसा यायच्या आधी इथे राजीनामा द्यायचा का?

सुमेधा व

द्यायचा नाही, असं माझं मत. करारात 'व्हिसा मिळाल्यावर, लवकरात लवकर १ ऑक्टोबर. उशीर झाल्यास त्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेला' असं लिहून घ्या. पण तारीख सरकली की बाकीचंही सरकतं. १ डिसेंबरला रुजू झालात तर २०२५ चा बोनस फार तर बाराव्या हिश्शाचा, ४३३ युरो. आणि प्रोबेशन ३१ मेपर्यंत.

अजून एक, 'रुजू होण्याआधी करार रद्द करता येणार नाही' असं कलम आहे का पाहा. सोबत दंडाचं कलमही असू शकतं, आलाच नाहीत तर महिन्याचा पगार वगैरे. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस असताना पूर्ण महिन्याचा दंड जास्त होतो असं न्यायालयाने म्हटलेलं आहे, पण इथली कंपनी सोडत नसेल तर त्या भांडणात पडायचंच कशाला?

मंदार_क

मला इथे वेगळं वाटतं. व्हिसा येईपर्यंत थांबून मग ९० दिवस मोजले तर जानेवारी उजाडेल. जर्मन कंपनी कंटाळेल. इथे राजीनामा देऊन नोटीस सुरू करावी, व्हिसा दरम्यान येतोच.

सुमेधा व

येतोच असं मी कोणाला सांगणार नाही. ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे त्यांनी धोका पत्करावा. हा ज्याचा त्याचा निर्णय.

शिवधनु

एचआरशी बोललो, सगळ्यांना कळवतो. आधी लेखी मेल पाठवला, मग फोन झाला. तिमाहीऐवजी महिन्याची अखेर लगेच मान्य. जॉइनिंग बोनसला महिन्याला १२५ ची माफी मान्य, आणि परतफेड फक्त मी राजीनामा दिला तर. हातात आलेल्या रकमेचं त्या 'पगार विभागाला विचारते' म्हणाल्या. रुजू होण्याच्या तारखेत व्हिसाची अट घालून सुधारित मसुदा पाठवणार आहेत.

बोनसच्या एप्रिलच्या अटीवर मात्र हलल्या नाहीत. 'सगळ्यांचा करार असाच आहे' म्हणाल्या. सामूहिक करारात आहात का विचारलं, तर उत्तर आलं: 'आम्ही सदस्य नाही, पण त्याच्या धर्तीवर पगार ठरवतो.' याचा अर्थ काय घ्यायचा?

राईनकाठ

याचा अर्थ असा घ्या की सामूहिक करार तुमच्या करारात आपोआप येत नाही. 'अमुक सामूहिक करार लागू' असं वाक्य मसुद्यात असेल तरच येतो. मसुद्यात शोधा, शेवटच्या पानावर 'इतर तरतुदी' खाली लपलेलं असतं. ते वाक्य नसेल तर एप्रिलची अट साध्या छापील कलमासारखीच तपासली जाईल, आणि माझ्या मते टिकणार नाही. वाक्य असेल तर मला मूळ मजकूर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या एका कलमावर ऑफर सोडली नसती. बोनस शून्य धरून ५२,००० वर घरखर्च बसतो का ते पाहिलं असतं.

शिवधनु

बसतो, हिशोब केला. शेवटचं पान आज रात्री वाचतो. ते वाक्य सापडलं तर जर्मन मजकूर जसाच्या तसा इथे टाकू का? कंपनीचं नाव काढून?

राईनकाठ

टाका. भाषांतर नको, जर्मनच टाका. वाद झाला तर बहुतेक जर्मन मजकूरच प्रमाण धरला जाईल, तसं कलमही मसुद्यात असेल.